फोटोतील चाऱ्याची गंज, कोठार आणि अवजारांवरून मुलूख कसा ओळखावा

प्रश्न: "आजोबा सैन्यात होते. त्यांच्या अल्बममध्ये शेताचा एक रंगीत फोटो मिळाला, मागे काहीच लिहिलेले नाही. त्यात टोपीसारखे शाकारलेले एक गोल खोपटे आहे, शेजारी नक्षी काढलेली मातीची बुटकी खोली, एक लाल ट्रॅक्टर आणि एका जनावराची टायरची गाडी. मागे उंच ऊस. ते गोल खोपटे मला धान्याची कणगी वाटते, म्हणजे बंगाल किंवा बिहार असेल का? अशा खुणांवरून प्रदेश खरेच ओळखता येतो का? स्कॅन जोडला आहे."

ओळखता येतो, पण बहुतेक वेळा तो दोन-चार जिल्ह्यांच्या पट्ट्यापर्यंतच येतो, राज्याच्या रेषेपर्यंत क्वचितच. तुमच्या फोटोपुरते सांगायचे तर बंगाल आणि बिहार ही दोन्ही नावे मी बाजूला ठेवीन. शेतीविषयक छायाचित्रांच्या संग्रहाला ओळी लावण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. त्या कामात एक क्रम पक्का झाला आहे आणि तो इथेही लागू पडतो: गोल दिसणाऱ्या वस्तूच्या आत धान्य आहे, चारा आहे की जळण आहे हे आधी ठरवायचे आणि त्यानंतरच नकाशा उघडायचा. भारतात गोल आणि वर शाकारलेल्या वस्तू पंजाबापासून आसामपर्यंत दिसतात. आकार तेवढा पाहिला तर त्या सगळ्या एकसारख्या भासतात. आत काय आहे हे कळले की त्या वेगवेगळ्या मुलखांत जाऊन बसतात.

चाऱ्यापासून सुरुवात करू, कारण उघड्यावरच्या फोटोत सर्वांत जास्त दिसतो तो चारा. गंजीचा आकार हौसेने ठरत नाही. कोणत्या पिकाचा चारा आहे, त्याची मळणी कशी झाली आहे आणि तो साठवल्यानंतर त्यावर किती पाऊस पडणार आहे, या तीन गोष्टी तो ठरवतात. त्यातली मळणी ही लोकांच्या ध्यानात न येणारी, पण सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. गहू बैलांच्या पायाखाली तुडवला किंवा मळणीयंत्रात घातला तर त्याच्या काडीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे होतात. तो झाला भुसा. भात मात्र परंपरेने फळीवर किंवा दगडावर झोडपून काढत, त्यामुळे त्याचा पेंढा लांबच्या लांब राहतो. ज्वारीचे कणीस खुडून घेतात आणि धाटे पेंढ्या बांधून अख्खीच ठेवतात, तो कडबा. भुसा, पेंढा आणि कडबा हे तीन पदार्थ एका पद्धतीने रचताच येत नाहीत.

भुसा रचता येत नाही, तो ओतावा लागतो. उघड्यावर ओतला तर वाऱ्याने उडतो, पावसाने कुजतो. म्हणून त्याला भिंत आणि छप्पर दोन्ही लागतात. पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात ही भिंत कपाशीच्या पऱ्हाट्यांची, सरकंडा नावाच्या उंच गवताची किंवा भाताच्या पेंढ्याची करतात. उंचवट्याच्या जागी वर्तुळ आखून त्यावर भुसा ओतत जायचे, बाहेरून काड्यांचा पडदा उभा करायचा, त्याभोवती पेंढ्याचे वळलेले दोर आवळत न्यायचे आणि शेवटी वर निमुळते शाकारायचे, अशी ती रीत आहे. पंजाबात याला कूप म्हणतात, हरियाणात आणि मेरठ-मुजफ्फरनगरकडे बूंगा किंवा बोंगा. काढताना शाकारलेले छप्पर उघडत नाहीत, कारण ते एकदा उघडले की पाऊस आत जातो. तळाशी एका बाजूला पडदा फाडून एक भोक करतात आणि तेथून भुसा ओढून घेतात. त्या भोकासमोर फिकट पिवळ्या भुशाचा सडा पडलेला असतो. फोटोत ही खूण सापडली की ती वस्तू कणगी नाही हे सिद्ध झाले असे समजावे, कारण धान्य असे जमिनीवर सांडू देणारा शेतकरी मी पाहिलेला नाही.

भाताच्या पेंढ्याला भिंत लागत नाही, कारण लांब काड्या एकमेकींत अडकून उभ्या राहतात आणि उताराने रचल्या तर पाणीही बाहेर टाकतात. पाऊस जास्त असलेल्या बंगाल, ओडिशा, आसाम आणि केरळात मध्ये बांबू किंवा लाकडाचा खांब रोवून त्याभोवती पेंढा गोल रचतात. खांबाचे टोक बरेचदा वर डोकावत असते. रोज हाताच्या उंचीवरून चोहोबाजूंनी पेंढा उपसला जातो, त्यामुळे काही महिन्यांनी गंज कमरेत बारीक होऊन अळंबीसारखी दिसू लागते. आपल्या कोकणातली उडवीही गोलच, आणि तीही त्याच कारणाने, पावसाने, गोल झाली आहे. तेव्हा 'गोल म्हणजे बंगाल' हे समीकरण आपल्याच किनाऱ्यावर मोडते. गोदावरी-कृष्णेच्या मुखाकडच्या आंध्रात आणि कावेरीच्या तमिळ मुलखात पेंढा इतका निघतो की गोल गंज पुरत नाही. तिथे लांबट, घराएवढ्या आणि पाठ गोलसर असलेल्या गंजी उभ्या राहतात.

कडब्याची गंज या दोन्हींपेक्षा वेगळी असते आणि मराठी वाचकाला ती सांगावी लागणार नाही. सोलापूर, मंगळवेढा, बीड, उत्तर कर्नाटक या पट्ट्यात रब्बी ज्वारीच्या पेंढ्या एकावर एक आडव्या लावून लांबट गंज रचतात. पेंढ्यांची बुडखे बाहेरच्या बाजूला येतात, त्यामुळे जवळून काढलेल्या फोटोत गंजीच्या भिंतीवर कापलेल्या धाटांची शेकडो गोल तोंडे दिसतात. भाताच्या किंवा गव्हाच्या गंजीत ही तोंडे कधीच दिसत नाहीत, कारण त्या काड्या फार बारीक असतात. गंजी, बणीम, वळई, सुडी ही नावे तालुक्यागणिक बदलतात, आणि सुडी म्हणजे काही ठिकाणी मळणीआधीच्या पिकाचा ढीग, तर काही ठिकाणी नुसता चारा. त्यामुळे फोटोखाली कुणी स्थानिक नाव लिहिले असेल तर ते नाव प्रदेशाचा चांगला पुरावा ठरतो, वस्तूचा ठरेलच असे नाही.

आता धान्याकडे. तुमचा तर्क धान्यावर उभा आहे, आणि तो सर्वस्वी चुकीच्या दिशेचा नाही. उघड्यावर उभी असलेली गोल कणगी खरोखरच पूर्वेकडची खूण आहे. उत्तर बिहारात मिथिलेकडे बांबूच्या पट्ट्यांची विणलेली, शेणमातीने लिंपलेली आणि वर गवताची टोपी असलेली बखारी अंगणात दिसते. बंगालात बर्धमान-बीरभूमकडे पेंढ्याचे जाड दोर गुंडाळून केलेली मराई असते. आसामात भराल हे धान्याचे घर खांबांवर उचललेले असते. पण या तिन्हींत एक गोष्ट समान आहे आणि ती न चुकता तपासावी: धान्याचे बूड जमिनीला टेकलेले नसते. उंदीर आणि ओल या दोन शत्रूंपायी ते विटांवर, ओट्यावर किंवा खांबांवर चढवलेले असते, अंग शक्य तितके बंद असते आणि तोंड लहान व नीट झाकलेले असते. चाऱ्याच्या ढिगाला एवढी निगा कुणी करत नाही.

इथे महाराष्ट्राबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण मराठी मंडळी फोटो पाहताना याच ठिकाणी अडतात. आपल्याकडे कणगी बहुतेक घरात असे, बळद वाड्याच्या भिंतीत किंवा जमिनीखाली असे आणि पेव तर जमिनीतच खणलेले असे. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. म्हणून देशावरच्या शेताच्या फोटोत धान्याचे कोठार दिसत नाही, यात नवल नाही. कोठार दिसत नाही म्हणून मुलूख अमुक नाही, असा निष्कर्ष काढू नये. जे दिसते त्यावर जितका भरवसा ठेवता येतो, तितका न दिसण्यावर ठेवता येत नाही.

तुमचा स्कॅन मोठा करून पाहिला. गोल खोपट्याचे बूड सरळ जमिनीवर आहे, खाली विटा किंवा ओटा नाही. अंगावर आडवे पट्टे दिसतात ते पेंढ्याच्या दोरांचे आहेत आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये उभ्या काड्या ओळखू येतात. दाराची चौकट कुठेच नाही. उजव्या बाजूला खाली काळपट पोकळी आहे आणि तिच्यापुढे जमीन फिकट झाली आहे. हा बूंगाच आहे. छपराचा रंग पिवळा नसून राखाडी आहे. म्हणजे एक पावसाळा त्याच्यावरून गेला आहे. गहू एप्रिलमध्ये निघतो आणि बूंगा पावसाळ्याआधी बांधून होतो, त्यामुळे फोटो पावसाळ्यानंतरचा आहे.

शेजारची नक्षीदार बुटकी खोली ही खोलीच नाही. तो शेणाच्या गोवऱ्यांचा साठा आहे. हरियाणात आणि पश्चिम उत्तर प्रदेशात त्याला बिटोडा म्हणतात, पंजाबात गुहारा. आत गोवऱ्या व्यवस्थित रचून बाहेरून शेणाने जाड लिंपतात आणि लिंपण ओले असताना बायका त्यावर बोटांनी रेघा, वेली, चौकटी काढतात. तुमच्या फोटोत त्याची लांबट बांधणी, दोन्ही टोकांना गोलाई आणि घराच्या आढ्यासारखी वर निमुळती होत गेलेली पाठ स्पष्ट दिसते. बाजूने एक कोपरा फोडलेला आहे आणि त्यातून गोवऱ्यांच्या गोल कडा डोकावत आहेत. जळण काढायला सुरुवात झाली आहे. बूंगा आणि नक्षीचा बिटोडा एकाच चौकटीत आले की मी पूर्वेकडचा विचार थांबवतो आणि यमुनेच्या दोन्ही काठांकडे वळतो.

तरीही पंजाबचा माळवा, हरियाणा, गंगा-यमुनेच्या मधला दोआब, ब्रज हा पट्टा मोठा उरतो. तो आणखी लहान करायला तुमच्या फोटोतली गाडी आणि ऊस उपयोगी पडतात. गाडी दोन चाकांची, रबरी टायरांची आहे आणि दोन दांड्यांच्या मध्ये एकच जनावर जुंपलेले आहे. त्याची शिंगे डोक्याजवळ घट्ट वळलेली आहेत, म्हणून तो बैल नव्हे, रेडा आहे, आणि मुऱ्हा जातीच्या वळणाचा आहे. एका रेड्याची ही गाडी हरियाणात आणि पश्चिम उत्तर प्रदेशात झोटा-बुग्गी किंवा भैंसा-बुग्गी म्हणून ओळखली जाते. राजस्थानाच्या सीमेकडे, भिवानी-हिसारच्या पुढे कोरड्या भागात तिच्या जागी उंटाची गाडी येऊ लागते. आपल्या देशावर जोडीचा बैल हीच सर्वसाधारण रीत.

ऊस एकटा काही सिद्ध करत नाही. तो कोल्हापुरातही आहे आणि गोरखपुरातही. पण तुमच्या फोटोत उसाच्या अलीकडे जमिनीवर पांढुरका थर पसरलेला दिसतो. तो वाळत घातलेल्या चिपाडांचा असावा, म्हणजे जवळ गुऱ्हाळ चालू आहे. दोआबच्या वरच्या भागात, सहारनपूर, मुजफ्फरनगर, शामली, बागपत, मेरठ या पट्ट्यात शेताच्या बांधावर अशी गुऱ्हाळे, तिकडच्या भाषेत कोल्हू, हिवाळाभर चालतात. मुजफ्फरनगरची गुळाची बाजारपेठ देशातल्या मोठ्या पेठांत गणली जाते. बूंगा, बिटोडा, बुग्गी आणि गुऱ्हाळ या चार गोष्टी एकत्र मिळण्याची शक्यता याच पट्ट्यात सर्वांत जास्त. यमुनेपलीकडचे करनाल आणि यमुनानगर मात्र मी वगळू शकत नाही. नदीच्या दोन्ही काठांवर पीक तेच, माणसे एकमेकांच्या सोयऱ्यांतली आणि शाकारण्याची रीतही तीच, तेव्हा केवळ ढिगांवरून काठ ओळखण्याचा दावा कुणी केला तर मी तो मान्य करणार नाही.

यंत्रांचा विचार मी मुद्दाम शेवटी करतो, कारण यंत्र चाकांवर असते आणि ते मुलूख ओलांडते. लाल रंगावरून ट्रॅक्टरचा प्रदेश ठरवता येत नाही: मॅसी फर्ग्युसन लाल, महिंद्राचे जुने इंटरनॅशनल वळणाचे ट्रॅक्टर लाल आणि झेटरही लाल, हे सगळे देशभर विकले गेले. कारखाना जवळ असेल तर त्या भागात त्याचे ट्रॅक्टर जास्त दिसतात, एवढीच पुसट मदत होते. मोहालीतून स्वराज १९७४ पासून येऊ लागले आणि पिंजोरच्या एचएमटीचे १९७१ पासून, म्हणून ही दोन नावे बॉनेटवर दिसली तर फोटो त्या वर्षांआधीचा नाही हे नक्की होते. यंत्राने काळाची खालची मर्यादा मिळते, जागा क्वचितच मिळते. कम्बाइन हार्वेस्टर तर याहून फसवा. पंजाबातली भाड्याची कम्बाइन यंत्रे हंगामामागे फिरत मध्य प्रदेशात, गुजरातेत आणि आपल्या मराठवाडा-विदर्भातही येतात, त्यामुळे पंजाबची नंबरप्लेट असलेले कम्बाइन परभणीच्या सोयाबीनमध्ये उभे दिसले तर त्यात खोटे काही नाही.

यंत्र जागा सांगते ते त्याच्या नावावरून नव्हे, त्याच्या पायांवरून आणि मागच्या जोडणीवरून. चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारे कम्बाइन दिसले तर कापणीच्या वेळी जमीन चिखलाची असते असे समजावे. कावेरीचे खोरे, केरळचे कुट्टनाड, किनारी आंध्र इथे ते सर्रास दिसते. उलट ट्रॅक्टरमागे काडी उचलून भुसा करणारे यंत्र आणि त्यामागे जाळीने चारही बाजूंनी बंद केलेली ट्रॉली दिसली तर ती गव्हाच्या मुलखाची खूण आहे: कम्बाइनने वरचे वर कणीस कापून नेल्यावर उभ्या राहिलेल्या काडीचा भुसा करण्यासाठी ते यंत्र फिरवतात. कारण पुन्हा चाऱ्याचेच आहे. पंजाब-हरियाणात जनावराला गव्हाचा भुसा लागतो आणि कम्बाइन तो देत नाही, म्हणून तो परत मिळवण्यासाठी दुसरे यंत्र आणावे लागले.

तुमच्या फोटोत जाळीची ट्रॉली नाही, कम्बाइनही नाही. पण गहू नसलेल्या महिन्यात ते नसणारच, म्हणून त्यावरून मी काळ ठरवणार नाही. फोटो रंगीत आहे आणि कागद चकचकीत आहे, यावरून तो १९८० च्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा असावा असे मला वाटते. राखाडी बूंगा, चालू गुऱ्हाळ आणि अजून उभा असलेला ऊस यांवरून महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बांधापलीकडे आखूड हिरवे दिसते तो गहू असेल तर डिसेंबरचा उत्तरार्ध किंवा जानेवारी म्हणायला हरकत नाही.

या वाचनात कुठे चूक होऊ शकते तेही सांगतो. पहिली शक्यता अशी की पांढुरका थर चिपाडांचा नसून तो भाताच्या तुसाचा किंवा नुसत्या खारवटलेल्या जमिनीचा असेल. तसे निघाले तर गुऱ्हाळाचा दुवा तुटतो आणि रोहतक-सोनीपतही पुन्हा यादीत येतात. दुसरी, नक्षीचे बिटोडे मथुरा-अलीगढकडेही होतात, म्हणून दक्षिणेची सीमा मी ठामपणे आखत नाही. तिसरी शक्यता अल्बमची आहे: सैन्यातल्या माणसाच्या अल्बममध्ये मित्रांनी दिलेले फोटोही असतात, त्यामुळे आजोबांची नेमणूक एका ठिकाणी आणि फोटो दुसऱ्याच गावचा, असे होऊ शकते. नव्या फोटोंत आणखी एक अडचण येते. आता अनेक ठिकाणी शाकारण्याऐवजी ताडपत्री किंवा प्लास्टिक टाकतात, आणि ताडपत्रीखाली गेलेली गंज पंजाबात आणि लातुरात सारखीच दिसते. तेव्हा ताडपत्रीच्या कडेला उघडी राहिलेली काडी मोठी करून पाहणे एवढेच हाती उरते.

पुढे काय करावे ते थोडक्यात लिहितो. फोटो ६०० डीपीआयला पुन्हा स्कॅन करा आणि तीन जागा जवळून पाहा. एक, पांढुरक्या थराचा पोत: चिपाडे असतील तर वीतभर लांबीचे चपटे तुकडे अस्ताव्यस्त पडलेले दिसतील, तूस असेल तर थर सपाट आणि पिठासारखा दिसेल. दोन, ट्रॅक्टरच्या बॉनेटची बाजू आणि पुढची प्लेट: दोन अक्षरांची राज्याची खूण असेल तर नोंदणी १९८९ नंतरची, आणि ती यूपी आहे की एचआर, यावर नदीचा काठ ठरवायला काही आधार मिळेल. तीन, बूंग्याची भिंत पऱ्हाट्यांची आहे की सरकंड्याची. पऱ्हाट्या फांद्यांसारख्या फुटलेल्या आणि काळपट असतात, आणि त्या निघाल्या तर मी उसाच्या पट्ट्यापेक्षा पश्चिमेकडे, कपाशी होणाऱ्या हिसार-सिरसाकडे पुन्हा पाहीन. आजोबांच्या सेवेच्या कागदांत मेरठ, रुडकी किंवा अंबाला यांपैकी कोणती छावणी सापडते, तेही त्यासोबत कळवा. मेरठ किंवा रुडकी निघाली तर दोआबकडे कल वाढेल, अंबाला निघाली तर यमुनानगरकडे.